एमएस्सी थिसिसचा डिफेन्स: दोन दिवस हाती असताना पहिल्या दहा मिनिटांची तयारी
(वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परभणी, लातूर, बदनापूरकडच्या कृषी शाखेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय: कृषीविद्या विभागाचा थिसिस, कोरडवाहू सोयाबीन, पेरणीच्या सहा पद्धती, चार पुनरावृत्ती, म्हणजे चोवीस प्लॉट. रचना आरबीडी. यातले उत्पादनाचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. ते कुठल्या खऱ्या प्रयोगाचे नाहीत, त्यामुळे उचलून वापरू नका.

प्रश्न: परवा डिफेन्स आहे, पीपीटी अर्धवट आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या स्लाइडपासून करू नका. घाईत बहुतेक जण शीर्षक, मग प्रस्तावना, मग सोयाबीनचं जगातलं, देशातलं, राज्यातलं क्षेत्र अशा क्रमाने बसतात. पहिल्या दिवसाची संध्याकाळ होते तेव्हा प्रस्तावनेच्या नऊ स्लाइड झालेल्या असतात आणि निकालाचा तक्ता थिसिसमधून जसाच्या तसा चिकटवलेला असतो, अकरा रकान्यांचा. मागे बसलेल्याला त्यातलं अक्षरही दिसत नाही.

आधी एक कोरा कागद घ्या आणि थिसिसचा मुख्य निकाल एका वाक्यात लिहा. त्यात पीक, तुलना, आकडा आणि एकक ही चारही हवीत. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: “रुंद वरंबा सरी पद्धतीने सोयाबीनचं उत्पादन हेक्टरी १८९० किलो आलं, सपाट पेरणीत १६२० किलो, आणि हा २७० किलोंचा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे.” हे वाक्य लिहायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तर अडचण पीपीटीची नाही. मुख्य निकाल कोणता हेच अजून ठरलेलं नाही. त्याच दिवशी गाईडकडे जाऊन तेवढं एकच विचारून या.

त्यानंतर मुख्य तक्त्याची स्लाइड, तो तक्ता समजायला प्रयोगाबद्दल जेवढं माहीत हवं तेवढी मांडणीची स्लाइड, मग उद्देश, मग समस्या, आणि सगळ्यात शेवटी शीर्षक. असं उलटं आलात की प्रस्तावनेत नेमकं काय लागतं ते आपोआप कळतं, आणि ते फार थोडं असतं.

प्रश्न: आम्हाला वीस मिनिटं सांगितलीत. मग फक्त दहाच मिनिटांची तयारी का?

कारण वीस मिनिटं सलग मिळतीलच असं नाही. एकाच दिवशी चार-पाच विद्यार्थी असतात, एक्स्टर्नलना परतीची गाडी गाठायची असते, आणि तुमची पाळी येईपर्यंत वेळापत्रक तासभर मागे पडलेलं असतं. मग “थोडक्यात सांगा” असं ऐकू येतं. समस्या, पद्धत आणि मुख्य निकाल पहिल्या दहा मिनिटांत येऊन गेला असेल तर तिथे थांबवलं तरी काही बिघडत नाही. पुढच्या दहा मिनिटांत बाकीचे तक्ते दाखवायचे, म्हणजे वाढीची निरीक्षणं, शेंगांची संख्या, आर्थिक ताळेबंद वगैरे. त्यांची तयारी वेळ उरला तर करा.

प्रश्न: दहा मिनिटांची वाटणी कशी करायची?

सात स्लाइड पुरतात. शीर्षक आणि नमस्काराला अर्धं मिनिट, समस्येला दीड, उद्देशाला एक, प्रयोगाच्या मांडणीला दोन, मुख्य निकालाला तीन, त्या निकालाचं कारण दाखवणाऱ्या दुसऱ्या निकालाला एक, आणि निष्कर्ष व मर्यादेला एक. झाली दहा.

यात मुख्य निकालाची तीन मिनिटं कापायची नाहीत. वेळ कमी पडला तर समस्येचं दीड मिनिट पाऊण करा. सोयाबीन हे मराठवाड्यातलं महत्त्वाचं पीक आहे, हे त्या खोलीत बसलेल्या कुणालाच नव्याने सांगावं लागत नाही.

सराव नऊ मिनिटांत बसवा. मध्ये कुणीतरी उशिरा येतं, पंख्याचा आवाज होतोय म्हणून मोठ्याने बोलायला सांगतात, एखादा छोटा प्रश्न येतो. यात एक मिनिट सहज जातं.

प्रश्न: पहिलं मिनिट नेमकं काय बोलायचं? तिथेच गाडी अडते.

तेवढं एक मिनिट शब्दशः लिहून पाठ करा. नमस्कार अध्यक्ष, बाह्य परीक्षक, मार्गदर्शक आणि विभागातले शिक्षक यांना मिळून एकाच वाक्यात करायचा. प्रत्येकाचं नाव, पद, पदवी घेत बसलात तर पाऊण मिनिट तिथेच जातं, आणि एखादं नाव चुकलं तर पुढची पाच मिनिटं डोक्यात तेच फिरत राहतं. आभार शेवटच्या स्लाइडवर मानायचे.

नमुना असा:

“अध्यक्ष महोदय, बाह्य परीक्षक सर, माझे मार्गदर्शक आणि सर्व शिक्षकवृंद, नमस्कार. माझ्या प्रबंधाचा विषय आहे, कोरडवाहू सोयाबीनमध्ये पेरणीच्या विविध पद्धतींचा उत्पादनावर होणारा परिणाम. भारी काळ्या जमिनीत सोयाबीनला एकाच हंगामात दोन उलट अडचणी येतात. जोराचा पाऊस झाला की पाणी साचून मुळं गुदमरतात, आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला की शेंगा भरत नाहीत. सपाट पेरणीत या दोन्हींवर उपाय नाही. म्हणून मी पेरणीच्या सहा पद्धतींची तुलना केली. त्यात रुंद वरंबा सरी पद्धतीत सपाट पेरणीपेक्षा हेक्टरी २७० किलो जास्त उत्पादन मिळालं. ते का मिळालं, हे पुढच्या काही मिनिटांत मांडतो.”

सावकाश म्हटलं तर हे साधारण मिनिटभरात होतं. निकाल सुरुवातीलाच सांगून टाकलाय हे लक्षात घ्या. “सस्पेन्स जातो” असं बऱ्याच जणांना वाटतं, पण परीक्षकांनी थिसिस आधीच चाळलेला असतो. त्यांना आकडा माहीत आहे. तो तुम्हाला कळलाय का, एवढंच ते बघायला बसलेत.

प्रश्न: मग सगळी दहा मिनिटं पाठ केली तर?

नको. पाठ केलेल्या दहा मिनिटांत एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, आणि मध्ये प्रश्न आला तर कुठे सोडलं होतं तेच सापडत नाही. शब्दशः पाठ करायच्या तीनच गोष्टी: वरचं पहिलं मिनिट, मुख्य तक्ता उघडल्यावरची पहिली दोन वाक्यं, आणि शेवटचं वाक्य. बाकीच्यासाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या आणि प्रत्येक स्लाइडची एक ओळ लिहा. ओळीत फक्त आकडा आणि क्रियापद ठेवा. “१६२० वरून १८९०, फरक सीडीपेक्षा मोठा” एवढं पुरतं. अख्खी वाक्यं लिहिलीत तर नजर कागदावरून उठतच नाही.

प्रश्न: रिव्ह्यू ऑफ लिटरेचर कुठे घालू? गाईड म्हणतात तो पाहिजेच.

उद्देशाच्या स्लाइडवर वरच्या अर्ध्या भागात दोन ओळी. पहिली, या विषयात आधी काय दिसलंय. दुसरी, काय बघायचं राहिलंय. त्याखाली तुमचे उद्देश. पंधरा संदर्भांची यादी दाखवायचीच असेल तर ती सातव्या स्लाइडच्या मागे ठेवा. कुणी मागितली तर तिथे जाता येतं.

प्रश्न: प्रयोगाची मांडणी दोन मिनिटांत कशी बसवायची? त्यावर माझा अख्खा प्रकरण तीन आहे.

प्रकरण तीन सांगायचं नाही. निकाल वाचायला जे लागतं तेवढंच सांगायचं: शेत कुठलं आणि जमीन कशी, वाण कोणता, ओळींतलं अंतर किती, सहा पद्धती कोणत्या, पुनरावृत्ती किती, प्लॉटचं क्षेत्र किती आणि उत्पादन मोजलं कसं. खतांच्या मात्रा एका ओळीत. तणनाशक कधी फवारलं ते विचारल्याशिवाय नको.

स्लाइडवर मजकुराऐवजी शेताचा आराखडा ठेवा: चोवीस चौकोन, चार ओळींत सहा-सहा, आणि तुलनेतल्या दोन मुख्य पद्धतींना दोन वेगळे रंग. आरबीडीत प्रत्येक ब्लॉकमध्ये सहाही पद्धती एकदाच येतात, त्यामुळे प्रत्येक ओळीत दोन्ही रंग एकेकदा दिसलेच पाहिजेत. एका ओळीत एकच रंग दोनदा आला असेल तर आराखडा उतरवताना चूक झालीय. अनुभवी परीक्षकाच्या हे दहा सेकंदांत लक्षात येतं.

आणखी एक आकडा तोंडावर असू द्या. उत्पादन निव्वळ प्लॉटवरून, म्हणजे कडेच्या ओळी सोडून मोजलेलं असतं आणि मग हेक्टरवर नेलेलं असतं. निव्वळ प्लॉट ४ मीटर बाय ३.६ मीटर असेल तर क्षेत्र १४.४ चौरस मीटर. दहा हजार भागिले १४.४ केलं की गुणक येतो ६९४.४. म्हणजे हेक्टरी १८९० किलोंच्या मागे प्लॉटमधले साधारण २.७२ किलो दाणे आहेत. “प्लॉटला किती किलो आलं?” हा साधा प्रश्न, पण त्यावर भली भली गडबडतात, कारण त्यांनी थिसिसमध्ये फक्त हेक्टरचा आकडा पाहिलेला असतो.

प्रश्न: मुख्य तक्त्यावर तीन मिनिटं काय बोलणार? आकडे तर समोर दिसतातच.

दिसतात, पण कुठे बघायचं ते कळत नाही. आधी तक्ता लहान करा. सहा ओळी, दोन रकाने: पद्धत आणि उत्पादन. खाली एसई आणि सीडी. बास. जैविक उत्पादन, हार्वेस्ट इंडेक्स हे सगळं पुढच्या स्लाइडवर. अक्षरांचा आकार २४ पॉइंटच्या खाली नको. आकडे उजवीकडे एकाखाली एक आले पाहिजेत, म्हणजे हजार हजाराखाली येतील.

बोलायचा क्रम असा. आधी तक्ता कसला आहे ते: “डावीकडे पेरणीच्या सहा पद्धती, उजवीकडे हेक्टरी उत्पादन किलोमध्ये.” मग तुलनेचा पाया: “सपाट पेरणी, १६२०.” मग सगळ्यात वरचा आकडा: “रुंद वरंबा सरी, १८९०. फरक २७०.” मग कसोटी: “सीडी १८७ आहे. २७० हे १८७ पेक्षा जास्त, म्हणून फरक लक्षणीय.” इथे दोन सेकंद थांबा. समोरच्याला खाली बघून खात्री करू द्या.

मग सगळ्यात नाजूक ओळ. सरी-वरंब्याचं उत्पादन १७८० धरा. सपाट पेरणीपेक्षा ते १६० किलो जास्त दिसतं, पण १६० हे १८७ पेक्षा कमी आहे. म्हणजे सरी-वरंबा आणि सपाट पेरणी या दोन पद्धती ‘ॲट पार’ आहेत. “सरी-वरंब्यानेही उत्पादन वाढलं” असं इथे म्हणता येत नाही. घाबरलेला विद्यार्थी तक्ता वरून खाली वाचत जातो, प्रत्येक मोठ्या आकड्याला “वाढलं, वाढलं” म्हणतो आणि नेमका इथे सापडतो. आणखी खोलात गेलात तर रुंद वरंबा १८९० आणि सरी-वरंबा १७८० यांच्यातला फरक ११० आहे, तोही सीडीच्या आत. म्हणजे या दोघांतलाही फरक लक्षणीय नाही. तेव्हा “रुंद वरंबा सगळ्यात चांगला” असं सरसकट न म्हणता “रुंद वरंबा सपाट पेरणीपेक्षा लक्षणीयरीत्या सरस, सरी-वरंब्याच्या बरोबरीचा” असं म्हणायचं. हे तुम्ही स्वतःहून बोललात तर त्यावरचा प्रश्न बहुधा येतच नाही.

प्रश्न: सीडी बरोबर आहे की नाही हे आदल्या रात्री कसं तपासू? सॉफ्टवेअरमधून आलाय.

एका ओळीचा हिशेब आहे:

```
CD (5%) = t × √2 × SE(m)
error df = (6 − 1) × (4 − 1) = 15
t = 2.131
CD = 2.131 × 1.414 × 62 = 187
```

सहा पद्धती आणि चार पुनरावृत्तींना त्रुटीचे स्वातंत्र्यांश १५ येतात आणि १५ ला पाच टक्के पातळीवर टीची किंमत २.१३१ असते. म्हणजे तुमच्या तक्त्यात सीडी हा एसईच्या साधारण तिप्पट असला पाहिजे. तो दुप्पट किंवा चौपट दिसला तर बहुतेक वेळा तीनपैकी एक झालेलं असतं: एसई(एम)च्या जागी एसई(डी) छापलाय, एक टक्का पातळीचा सीडी घेतलाय, किंवा तक्ता टंकताना दुसऱ्या तक्त्याचा आकडा इथे आलाय. ही तपासणी प्रत्येक तक्त्यावर कॅल्क्युलेटरने दहा सेकंदांत होते, आणि चूक सापडलीच तर तुमच्या हातून सापडलेली बरी. छापलेल्या थिसिसमध्ये चूक असेल तर गाईडना आधी सांगा आणि स्लाइडवर दुरुस्त आकडा ठेवून “प्रबंधात या पानावर मुद्रणाची चूक आहे” असं स्वतःच म्हणा.

जिथे एफ कसोटीच लक्षणीय नसते तिथे तक्त्यात सीडीऐवजी ‘एनएस’ लिहितात. अशा तक्त्यातल्या आकड्यांची तुलनाच करायची नाही. “लक्षणीय फरक आढळला नाही” म्हणून पुढे सरका.

प्रश्न: दुसरा निकाल कोणता निवडू?

पहिल्याचं कारण सांगेल तो. आपल्या उदाहरणात जमिनीतला ओलावा. रुंद वरंब्याच्या दोन्ही बाजूंच्या सऱ्या जास्तीचं पाणी बाहेर काढतात आणि पावसाच्या खंडात त्याच सऱ्यांत मुरलेलं पाणी कामी येतं, असा तुमचा दावा आहे. मग खंडाच्या काळात रुंद वरंब्यातला ओलावा सपाट प्लॉटपेक्षा जास्त होता हे दाखवणारा एक साधा रेषालेख पुरे. ओलावा कसा काढला हे विचारणारच, म्हणून तोंडावर ठेवा: माती ओली तोलली, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवली, परत तोलली, घटलेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन गुणिले शंभर. भागायचं कोरड्या वजनाने. ओल्या वजनाने भागलं तर उत्तर कमी येतं आणि तिथे हमखास टोकतात.

प्रश्न: स्लाइडला मथळे काय द्यायचे? ‘इंट्रोडक्शन’, ‘रिझल्ट्स’ असेच देतात ना?

देतात, पण घाबरणाऱ्याने देऊ नयेत. मथळ्याच्या जागी त्या स्लाइडचं म्हणणं पूर्ण वाक्यात लिहा. ‘रिझल्ट्स’ऐवजी “रुंद वरंबा सरीत उत्पादन सपाट पेरणीपेक्षा २७० किलोंनी जास्त”. डोकं कोरं झालं तर पडद्याकडे बघून मथळा मोठ्याने वाचायचा. ते अख्खं वाक्य असल्याने बोलणं तुटत नाही, आणि वाचून होईपर्यंत पुढचं आठवतं. ‘रिझल्ट्स’ वाचून काय आठवणार?

विभागाचा ठरलेला नमुना असेल आणि ‘रिझल्ट्स’ लिहावंच लागत असेल तर ते वरच्या कोपऱ्यात बारीक ठेवा.

प्रश्न: थिसिस इंग्रजीत आहे, मला बोलायला मराठी सोपं जातं. काय करू?

आधी गाईडना विचारा, कारण हे विभागावर आणि बाहेरून कोण येतंय त्यावर अवलंबून असतं. परीक्षक दुसऱ्या राज्यातले असतील तर मराठी चालणार नाही. इंग्रजीच बोलायचं असेल तर पाठ करायचे तिन्ही तुकडे इंग्रजीत लिहा, एका वाक्यात आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त नकोत, आणि ते एखाद्या मित्राकडून तपासून घ्या. थिसिसमधली कर्मणी प्रयोगाची लांबलचक वाक्यं बोलायला घेतली की मध्येच दम संपतो.

मराठीत बोलणार असाल तरी आकड्यांचं एकदा ठरवून टाका. घाईत “एकशे सत्त्याऐंशी” आणि “एकशे अठ्ठ्याहत्तर” यांत जीभ घसरते. “वन एटी सेव्हन” म्हटलं तरी कुणाची हरकत नसते. पण एका स्लाइडवर मराठीत आणि पुढच्या स्लाइडवर इंग्रजीत असं नको, कारण मनातल्या मनात भाषांतर करताना आकडा चुकतो.

प्रश्न: हात थरथरतो, आवाज कापतो, घशाला कोरड पडते.

हात थरथरत असेल तर लेझर पॉइंटर घेऊच नका. हातातली बारीक थरथर पडद्यावर वीतभर होऊन दिसते, आणि ती दिसली की आणखी वाढते. जे दाखवायचंय त्याभोवती स्लाइडवरच लाल चौकट करून ठेवा. हात पोडियमच्या कडेवर ठेवा, कागद हातात धरू नका, टेबलावर ठेवा.

आवाज कापतो तो श्वास वरवरचा झाल्यामुळे. नाव पुकारल्यावर उठण्याआधी तीन वेळा श्वास सोडा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून: चार आकडे घ्यायला, आठ सोडायला. पहिलं वाक्य शेवटच्या खुर्चीकडे बघून म्हणा. सेमिनार हॉलमध्ये कूलर घरघरत असेल तर ज्यादा जोर लावावाच लागतो, आणि जोर लावलेला आवाज कमी कापतो. पाण्याची बाटली उघडून ठेवा, कारण घामेजल्या हाताने तिथे झाकण निघत नाही. घोट घ्यायची जागाही ठरवून ठेवा. मुख्य तक्ता उघडल्यावरचा दोन सेकंदांचा थांबा त्याला बरोबर बसतो.

सकाळी काहीतरी खाऊन जा, चहावर राहू नका. रिकाम्या पोटी तीन कप चहा झाला की थरथर चहाची का भीतीची ते कळत नाही.

प्रश्न: तिसऱ्याच मिनिटाला एक्स्टर्नलनी अडवलं तर?

दोन वाक्यांत उत्तर द्या आणि “याचा तक्ता पुढे आहे, तिथे दाखवतो” म्हणून परत या. कार्डावर बोट ठेवून ठेवलंत तर कुठे होतो ते शोधावं लागत नाही. “डायरेक्ट रिझल्ट दाखवा” म्हणाले तर स्लाइड एक-एक करून ढकलत नेऊ नका. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. मुख्य तक्ता पाचवी स्लाइड असेल तर `5` आणि `Enter`. नुसतं `B` दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. लांबलेल्या प्रश्नाच्या वेळी हे बरं पडतं. सातही क्रमांक कार्डावर लिहून ठेवा.

प्रश्न: लाइट गेली, प्रोजेक्टर चालला नाही, फॉन्ट फुटला तर?

लाइटचं आपल्याकडे सांगता येत नाही. शेताचा आराखडा आणि मुख्य तक्ता अशी दोन पानं छापून चार-पाच प्रती जवळ ठेवा. लाइट गेली की प्रती वाटायच्या आणि त्याच वाक्यापासून पुढे बोलायचं. जनरेटर चालू होण्याची वाट बघत उभं राहिलात की गेलेली भीती परत येते.

फॉन्ट फुटतो तो बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमुळे: तुमच्या लॅपटॉपवर अक्षरं नीट, विभागाच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंका, आणि पॉवरपॉइंटमध्ये `File > Options > Save` इथे `Embed fonts in the file` वर टिक करा. शिवाय एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या मेलवर. लॅपटॉप जोडल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही तर `Windows` आणि `P` एकत्र दाबून `Duplicate` निवडा. खोलीत खिडक्यांतून ऊन येत असेल तर गडद पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पांढऱ्यावर काळंच ठेवा.

प्रश्न: सराव किती वेळा करू? वेळच नाही.

उभं राहून, मोठ्याने, फोनवर टायमर लावून तीनदा. मनातल्या मनात केलेला सराव धरू नका, मनात सगळं सहा मिनिटांत होतं. पहिल्या वेळी फक्त वेळ बघा. बहुतेकांचे चौदा-पंधरा मिनिटं होतात, आणि जास्तीची मिनिटं समस्या आणि मांडणी या दोन स्लाइडांवर गेलेली असतात. तिथेच कापा. भरभर बोलून वेळ भरून काढू नका. दुसऱ्या वेळी आवाज रेकॉर्ड करा आणि फक्त मुख्य तक्त्याची तीन मिनिटं ऐका. तिसरा सराव एखाद्या ज्युनिअरसमोर करा, त्याला पाचव्या स्लाइडच्या आधी कुठेही अडवायला सांगा, आणि शेवटी विचारा, “माझा मुख्य आकडा कोणता?” त्याने १८९० किंवा २७० सांगितलं तर झालं. “काहीतरी वरंब्याचं होतं” म्हणाला तर पहिलं मिनिट परत लिहा.

आदल्या रात्री दहानंतर स्लाइडला हात लावायचा नाही. रात्री एकला बदललेला क्रम सकाळी कार्डाशी जुळत नाही.

प्रश्न: मर्यादा आपणच सांगितल्या तर मार्क कापतील ना?

एका हंगामाचा, एका शेतावरचा प्रयोग आहे हे त्यांना दिसतंच. तुम्ही सांगितलं नाही तर ते विचारतील, आणि विचारल्यावर दिलेलं उत्तर सफाईसारखं वाटतं. सातव्या स्लाइडवर एकच ओळ घाला: “हे निष्कर्ष एका खरीप हंगामाचे आणि भारी काळ्या जमिनीचे आहेत, हलक्या जमिनीसाठी ते लागू धरलेले नाहीत.” दोन ओळींहून जास्त नको, नाहीतर ती माफी वाटते.

प्रश्न: दहाव्या मिनिटाला थांबायचं कसं? मी नेहमी “एवढंच” म्हणून गप्प होतो.

शेवटचं वाक्य पाठ केलेलं असतं ते यासाठीच. “तेव्हा भारी जमिनीत कोरडवाहू सोयाबीनसाठी सपाट पेरणीऐवजी रुंद वरंबा सरी हा माझ्या प्रयोगाचा निष्कर्ष आहे. पुढे वाढीची निरीक्षणं आणि आर्थिक ताळेबंद आहे. परवानगी असेल तर ते दाखवतो, किंवा इथे प्रश्न घेतो.” एवढं बोलून अध्यक्षांकडे बघा. पुढे चला म्हणाले तर आठवी स्लाइड, नाही म्हणाले तर `5` आणि `Enter`, कारण पहिला प्रश्न बहुधा त्याच तक्त्यावर येतो.